शब्दचर्चा : कॉलेबल बाँडचे ‘इफेक्टिव्ह ड्युरेशन’

मंजिरी
वित्तविषयक मजकुराचं भाषांतर करतेय. ‘इफेक्टिव्ह ड्युरेशन’साठी ‘प्रभावी कालावधी’ लिहिलं आणि पुढच्याच वाक्याशी अडले. एका कॉलेबल बाँडला, म्हणजे कंपनी मुदतीआधी परत घेऊ शकते अशा रोख्याला, दोन वर्षांची मुदत आहे आणि इफेक्टिव्ह ड्युरेशन दिलंय १.३८. याचा अर्थ रोखा प्रत्यक्षात १.३८ वर्षंच चालेल असा घ्यायचा का? तसं असेल तर ‘प्रत्यक्ष कालावधी’ जास्त बरं वाटेल.

दशांश
अगदी तसं नाही, पण जवळपास आहात. एका वर्षाने कॉल झाला तर ड्युरेशन ०.९४, नाही झाला तर १.८३. दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या धरल्या की सरासरी येते १.३८ किंवा १.३९. म्हणजे कॉलच्या संभाव्यतेने काढलेली भारित सरासरी. माझं मत ‘अपेक्षित कालावधी’ला.

वसंत कुळकर्णी
दशांश, उत्तर बरोबर आलं, पण वाट ती नव्हे. आणि ‘अपेक्षित’ तर मुळीच नको, नाहीतर वाचक लगेच विचारेल, कोणाला अपेक्षित?

मंजिरीताई, १.३८ ही वर्षं नाहीत. व्याजदर एक टक्का हलले तर किंमत साधारण किती टक्के हलेल, त्याचं ते माप आहे. साध्या रोख्याला हे सूत्रातून काढता येतं, कारण त्याच्या रकमा ठरलेल्या असतात. कॉलेबल बाँडच्या रकमाच व्याजदरावर अवलंबून, म्हणून सूत्र बाजूला ठेवून प्रयोग करावा लागतो. अख्खा यील्ड कर्व्ह, म्हणजे निरनिराळ्या मुदतींच्या व्याजदरांची रेषा, थोडा वर सरकवायचा, रोख्याची किंमत नव्याने काढायची. मग तितकाच खाली सरकवून पुन्हा काढायची. `P0` ही आजची किंमत, `P_up` आणि `P_down` या कर्व्ह वर आणि खाली सरकवल्यावरच्या किमती, `dy` म्हणजे कर्व्ह किती सरकवला ते.

```
ED = (P_down - P_up) / (2 * P0 * dy)
```

‘इफेक्टिव्ह’ म्हणजे परिणाम मोजून काढलेलं, एवढंच.

तुमच्या मजकुरातला आकडा मला ओळखीचा वाटतो, म्हणून तसंच उदाहरण घेतो. दोन वर्षांचा रोखा, दर्शनी किंमत १००, वर्षाला ६ व्याज, एका वर्षाने कंपनी १०० देऊन परत घेऊ शकते. यील्ड कर्व्ह सपाट, ६ टक्के. पुढच्या वर्षीचा एक वर्षाचा दर दोन ठिकाणी जाऊ शकतो असं धरू : ५.०१ किंवा ७.०१ टक्के, शक्यता सारखीच. दराच्या अशा फाट्यांच्या आराखड्याला ट्री म्हणतात, त्यातल्या प्रत्येक बिंदूला नोड. (बरोबर ५ आणि ७ घेतले तर कॉल नसलेला दोन वर्षांचा रोखा १००ला बसत नाही. ट्री आजच्या बाजाराशी जुळवून घेतल्यामुळे ते शेपूट आलंय.)

आता मागून पुढे या. दर ७.०१ झाला तर उरलेल्या १०६ची किंमत वर्षाअखेर ९९.०६. कंपनी कशाला १०० देईल? रोखा चालू राहतो. दर ५.०१ झाला तर किंमत १००.९४ होते, कंपनी १०० देऊन मोकळी होते, तिथे १००च धरायचे. दोन्हींची सरासरी ९९.५३, त्यात व्याजाचे ६, आणि ६ टक्क्यांनी आजवर आणलं की ९९.५६. कॉल नसता तर १०० मिळाले असते. मधले ४४ पैसे हे कंपनीच्या हक्काचं मोल.

मग कर्व्ह ५० बेसिस पॉइंट, म्हणजे अर्धा टक्का, वर. ट्री पुन्हा बांधायचा, निर्णय पुन्हा तपासायचे : किंमत ९८.८७. तितकाच खाली : १००.२५. वरच्या सूत्रात घाला, १.३८ येतं.

दशांश
मान्य. पण मग माझी सरासरी जुळली कशी? योगायोग म्हणायचा?

वसंत कुळकर्णी
योगायोग नव्हे. कॉलची तारीख एकच असेल आणि सरकवणं लहान असेल तर गणित बहुतांशी तिथेच पोहोचतं. मात्र त्यातली ५० टक्के ही ट्रीमधली, किंमत काढण्यापुरती शक्यता आहे. कंपनी खरंच कॉल करेल याची ती शक्यता नव्हे. कंपनीला नवं कर्ज उभारायचा खर्च असतो, कधी पैसाच हाताशी नसतो. आणि कॉल दर सहा महिन्यांनी करता येत असेल तर कोणत्या तारखेच्या ड्युरेशनला किती भार द्यायचा हे किंमत काढल्याशिवाय कळतच नाही. तेव्हा सरासरी हा मागाहून सुचलेला अर्थ आहे, रीत नव्हे.

नीलिमा स.
माझ्याकडे असाच एक रोखा आहे, पुढच्या वर्षी कॉलची तारीख येतेय. या आकड्यावरून तो कॉल होईल की नाही हे सांगता येईल का? दोन-तीन ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसताहेत.

वसंत कुळकर्णी
नाही हो, या आकड्याचं ते कामच नाही. फार तर इतकं म्हणता येईल की तो कॉलपर्यंतच्या ड्युरेशनकडे झुकलेला असेल तर कॉल होणार असं मॉडेल धरून चाललंय. आकडे वेगळे का, हे मात्र विचारण्यासारखं आहे : प्रत्येकाने व्याजदराची अस्थिरता किती धरली आणि कर्व्ह किती सरकवला.

तिरकस
एक शंका. वसंतरावांचे आकडे मी स्प्रेडशीटवर करून पाहिले. दर ५० पॉइंट घसरल्यावर फायदा ६९ पैसे, वाढल्यावर तोटा ६८ पैसे. कॉलेबल बाँडमध्ये दर पडल्यावर किंमत वर जाताना अडते, म्हणजे फायदा कमी आणि तोटा जास्त, हेच सगळीकडे वाचलंय. इथे तर उलट दिसतंय. निगेटिव्ह कन्व्हेक्सिटी, म्हणजे किमतीचा तो उलटा वाक, गेली कुठे?

वसंत कुळकर्णी
शाबास, हे पाहिलंत! मी मुद्दामच बोललो नव्हतो.

५० पॉइंट वर किंवा खाली गेल्यावर दोन्ही नोडवरचे निर्णय पाहा. वरच्या नोडवर कॉल नाही, खालच्यावर कॉल, तिन्ही वेळा तसंच. हक्क वापरण्याचा निर्णय कुठेच पालटला नाही, म्हणजे या टप्प्यात हा रोखा जवळजवळ साध्या रोख्यासारखाच वागतोय. वाक यायला निर्णय पालटावा लागतो. आता १५० पॉइंट सरकवा. खाली गेल्यावर दोन्ही नोडवर कॉल होतो, किंमत १०१.४४. वर गेल्यावर कुठेच होत नाही, किंमत ९७.३१. फायदा १.८८, तोटा २.२५. दिसली?

आणि आता ड्युरेशन काढा.

तिरकस
१.३८! तोच आकडा.

वसंत कुळकर्णी
तोच. वरची आणि खालची किंमत एकमेकींतून वजा करताना वाकाचा भाग कापला जातो, म्हणून एकाच आकड्याआड दोन निराळी वागणी लपली. एकेक बाजू सुटी मोजलीत तर १५० पॉइंटला खालच्या दिशेने १.२६ येतं आणि वरच्या दिशेने १.५१. कॉलेबल बाँडसाठी मी तरी या दोन बाजू वेगळ्या मागतो. मधला आकडा नुसता पाहून हेज लावला तर दर वाढताना तो अपुरा पडतो.

अर्थात दोन नोडचा ट्री फारच ठोकळ आहे. पायऱ्या वाढवल्या की कोणता ना कोणता नोड कॉलच्या उंबरठ्याशी असतोच, आणि वाक लहान सरकवण्यातही दिसू लागतो.

दशांश
मग लहान सरकवणं घ्यावं की मोठं? मी १ बेसिस पॉइंट घेतो, अचूक म्हणून.

वसंत कुळकर्णी
साध्या रोख्याला चालेल. ट्रीवर मला तो धोक्याचा वाटतो. एखादा नोड नेमका उंबरठ्यावर असला की उत्तर त्या एका नोडवर झुलतं, पायऱ्यांची संख्या बदलली की ड्युरेशनही बदलतं. मी २५ ते ५० घेतो, आणि संशय आला की पायऱ्या दुप्पट करून पाहतो. १०० घेणारेही आहेत आणि त्यांचंही म्हणणं आहे.

अनघा
मी जोखीम विभागात काम करते. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा सरकवण्याच्या आकारात नसते, आणखी दोन ठिकाणी असते.

पहिली : कर्व्ह सरकवला, पण मूळ ट्रीत ठरलेले कॉलचे निर्णय तसेच राहिले. वरच्या उदाहरणात १५० पॉइंटला असं केलं तर फायदा २.१० आणि तोटा २.०३ येतो. गंमत म्हणजे ड्युरेशन तरीही १.३८! म्हणून नुसत्या ड्युरेशनवरून चूक सापडत नाही. सरकवणं मोठं असताना फायदा तोट्यापेक्षा जास्त आला की मी थेट निर्णय तपासते.

दुसरी सूत्रातल्या `P0` ची. समजा बाजारात हा रोखा ९९.२० ला आहे आणि मॉडेल म्हणतं ९९.५६. आधी ट्रीच्या प्रत्येक दरावर एकच स्प्रेड चढवून मॉडेलची किंमत ९९.२० वर आणायची. इथे तो साधारण २६ बेसिस पॉइंट पडतो. त्यालाच ओएएस, म्हणजे ऑप्शन-अ‍ॅडजस्टेड स्प्रेड, म्हणतात. मग वर-खाली दोन्ही वेळा तोच स्प्रेड आणि तीच अस्थिरता ठेवायची. हे न करता `P0` बाजाराची आणि बाकी दोन किमती बिनस्प्रेडच्या घेतल्या तर ड्युरेशन १.३९ येतं, म्हणजे कोणाला पत्ता लागत नाही. पण त्याच आकड्यांतून कन्व्हेक्सिटी काढलीत तर २९० येते! दोन वर्षांच्या रोख्याला! खरी त्याच ५० पॉइंटला साडेतीनच्या आसपास आहे.

तिरकस
स्प्रेड कायम ठेवणं हे तरी कितपत खरं? दर उसळतात तेव्हा स्प्रेडही हलतात.

अनघा
हलतात. पण इथे फक्त दराचा परिणाम वेगळा काढायचाय. स्प्रेडचा वेगळा मोजतात. अस्थिरतेबद्दल मात्र तुमची शंका खरी आहे. दर खाली गेल्यावर चढ-उतार टक्क्यांत तेवढेच राहतात की पॉइंटमध्ये, यावर दोन मॉडेलं दोन ड्युरेशनं देतात. आमच्याकडेही यावर एकमत नाही.

मंजिरी
कालावधी, अपेक्षित, प्रत्यक्ष, सगळं खोडलं. ‘परिणामी दरसंवेदनशीलता’ लिहू का?

दशांश
फार लांब. ‘इफेक्टिव्ह ड्युरेशन’च ठेवा. बाजारातला मराठी माणूस तेच म्हणतो.

वसंत कुळकर्णी
मीही ड्युरेशनच ठेवेन, मात्र पहिल्या वेळी ‘दर १ टक्का हलल्यास किमतीत सुमारे १.३८ टक्के बदल’ असं वाक्य सोबत द्या. आणि मूळ मजकुरात कर्व्ह किती सरकवला ते दिलंय का, पाहाल?

मंजिरी
पाहिलं. ‘समांतर सरकवून’ एवढंच आहे, किती ते नाही. लेखकाला विचारते.