भांगाची की भांगेची? एक शब्द, अनेक अर्थ (अनुभव धागा)

धागा सुरू करताना (दापोली, मुद्रितशोधन)

एकाच रूपाचे पण एकमेकांशी सुतराम संबंध नसलेले शब्द मराठीत ढिगानं आहेत. त्यांची यादी नको, ती कोशात मिळते. मला विचारायचंय ते वेगळं आहे. ऐकणाऱ्याला नेमका अर्थ कळतो कुठून? "संदर्भावरून" हे उत्तर खरं असलं तरी फार ढोबळ आहे. संदर्भ म्हणजे वाक्यातला कुठला तुकडा?

माझा अंदाज मांडते, तो तपासून बघा. बऱ्याचदा लिंग आधी कामाला येतं, आणि लिंग दिसतं ते प्रत्ययाआधीच्या सामान्यरूपात. "माळ" नुसता लिहिला तर काही कळत नाही. "माळावर" म्हटलं की कातळाचा उघडा सडा, आणि "माळेत" म्हटलं की फुलं किंवा मणी. पुढचं वाक्य ऐकायचीही गरज नाही. आपापल्या गावातले, कामातले शब्द घेऊन बघा, हे कुठे टिकतं आणि कुठे फसतं.

रायगडच्या किनाऱ्यावरून, मासेमारी

मग "भांग" घ्या. पिण्याची भांग स्त्रीलिंगी, म्हणून "भांगेची नशा". केसांतला भांग पुल्लिंगी, म्हणून "भांगात कुंकू". आणि तिसरा आमचा, अष्टमीच्या आसपासचा: "भांगाची भरती", "भांगाचं पाणी". अमावास्या-पौर्णिमेला उधाण, आणि मधल्या अष्टमीला भांग. त्या दिवसांत पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. ओढ मंदावते, आणि डोल जाळं तर ओढीवरच चालतं, त्यामुळे भांगाला डोलीत मासळी कमी येते.

तुमचा नियम इथे अर्धाच चालतो. "भांगेची" म्हटलं तर प्यायची एवढं पक्कं. "भांगाची" म्हटलं तर केस की समुद्र ते उरतंच. तिथे शेजारचा शब्द बघायचा. केसांतला भांग "पाडतात", "काढतात", "भरतात". समुद्राच्या भांगाला कोणी काही करत नाही, त्याच्या पुढे पाणी, भरती, दिवस असं काहीतरी येतं.

गुहागर

समुद्राचा भांगही केसांवरूनच आलाय. केस मधोमध दुभागतात तसा पंधरवडा अष्टमीला दुभागतो, म्हणून भांग. म्हणजे हे दोन शब्द नाहीत, एकच आहे.

दुसरा शब्द "खार". झाडावरची खार आणि लोणच्याचा खार. आणि "खारीचा वाटा" हा मुळात मिठागरातला वाटा. खाऱ्या जमिनीतलं उत्पन्न थोडं, म्हणून वाटाही थोडा.

धागा सुरू करणारी

भांगाचं माहीत नाही, "भंग" म्हणजे मोडणं यावरूनही तो येऊ शकतो: उधाणाचा जोर मोडला तो भांग. दोन्ही ऐकायला बरं वाटतं, आणि ऐकायला बरं वाटणं हा व्युत्पत्तीत पुरावा नसतो.

खारीचं मात्र चुकलंय. "खारीचा वाटा" रामाच्या सेतूला वाळू नेणाऱ्या खारीचा. लोणच्याचा खार पुल्लिंगी, त्याचं होतं "खाराचा": खाराचा डाग, खारातली मिरची. लोणच्यावरून वाक्प्रचार आला असता तर "खाराचा वाटा" झाला असता. वेलांटी आणि काना एवढ्यावर निकाल लागतो.

कुडाळ तालुका

"पाट" वर तुमचा नियम आपटतो. बसायचा पाट, बागेत पाणी नेणारा पाट आणि पूर्वीचा विधवेचा पुनर्विवाह, तिन्ही पुल्लिंगी, तिन्हींचं "पाटाला", "पाटावर". इथे क्रियापद बघावं लागतं. बसायचा पाट *मांडतात*. पाण्याचा पाट *काढतात*, मग त्याला पाणी *सोडतात*. लग्नाचा पाट *लावतात*. बिघाडसुद्धा वेगळा सांगतात. पाण्याचा पाट *फुटतो*, लाकडी पाट *चिरतो*. "पाट फुटला" ऐकून कोणी सुताराला बोलावत नाही, फावडं घेऊन सुपारीच्या बागेत धावतात, कारण बांध दुरुस्त होईपर्यंत पाणी शेवटच्या आळ्यापर्यंत पोचत नाही.

आणि चौथा पाट म्हणजे परुळ्याजवळचं गाव. इथे मजा आहे. प्रमाण मराठीत बोलताना गावाला काना लागत नाही: "पाटला जातो". बागेला लागतो: "पाटाला पाणी सोडतो". पेणला, कुडाळला, तसंच. छापील मजकुरात हा फरक हमखास दिसतो. मालवणीत बोलायला लागलो की त्याचा भरवसा धरू नये.

मुंबईहून, मूळचा राजापूरचा

विषय शब्दांचाच आहे म्हणून विचारतो. गावच्या सातबाऱ्यावर "कुळ, खंड व इतर अधिकार" असा रकाना आहे, त्यात भलत्याच आडनावाचं नाव आहे. आमचं कूळ वेगळं, मग हे नाव तिथे कसं? कुळाचं नाव चुकीचं पडलं असेल तर दुरुस्त कुठे करतात? शिवाय "आकार" च्या रकान्यात ३.२५ आहे. जमीन तेवढी मोठी आहे असं घरात कोणी म्हणत नाही.

रत्नागिरी, महसूल खात्यातून निवृत्त

तुमचा प्रश्न जमिनीचा असला तरी उत्तर याच धाग्यातलं आहे, कारण तुम्ही दोन शब्द चुकीच्या अर्थांनी वाचलेत.

कूळ म्हणजे घराणं, त्यावरून कुळाचार, कुळदैवत. सातबाऱ्यावरचं कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्हींचं "कुळाचं", त्यामुळे व्याकरण मदत करणार नाही. घराणं *मोठं असतं*, *बुडतं*, *उद्धरतं*. कसणारं कूळ *लागतं*, *लावतात*, *कमी होतं*. सातबाऱ्यावर घराण्याला रकानाच नाही. मालकाचं, म्हणजे भोगवटादाराचं नाव मधे येतं, आणि उजवीकडच्या रकान्यातलं नाव दुसऱ्याचं असणं हेच साहजिक.

शेजारचा "खंड" म्हणजे आशिया खंड नव्हे, आणि "कामात खंड पडला" यातलाही नव्हे. कसण्याबद्दल मालकाला द्यायचं भाडं म्हणजे खंड, पैशात किंवा धान्यात. कूळ आणि खंड एका रकान्यात बसलेत म्हणून दोन्हींचा अर्थ एकमेकांवरून कळतो. रकान्याचं डोकं नीट वाचलं असतं तर गोंधळ झाला नसता.

"आकार" म्हणजे घडण नव्हे आणि क्षेत्रफळही नव्हे. तो शेतसारा आहे, रुपये-पैशांत. तुमचं ३.२५ म्हणजे सव्वातीन रुपये. क्षेत्र कसं ओळखायचं? ते हेक्टर, आर, चौरस मीटर असं तीन तुकड्यांत असतं: ०.४२.५० म्हणजे बेचाळीस आर पन्नास चौरस मीटर. १०० आरांचा एक हेक्टर, १०० चौरस मीटरांचा एक आर. दोनच तुकडे दिसले तर ते बहुधा क्षेत्र नव्हे, आकार. आणि "पो.ख." दिसलं तर कोणाचं पोट बिघडलेलं नाही. पोटखराब म्हणजे त्याच गटातला लागवडीला नालायक तुकडा. आपल्याकडे कातळ भरपूर, त्यामुळे तो आकडा मोठा दिसतो.

ते नाव चूक आहे का, हे इथे बसून सांगता येणार नाही. १९४८ च्या कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ ला अटींत बसणारं कूळ जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं, म्हणून त्या रकान्यातलं नाव हलकं समजू नका. नावाजवळ फेरफार क्रमांक असेल तो तलाठ्याकडे नेऊन त्या फेरफाराची नक्कल काढा. नाव का लागलं ते तिथे लिहिलेलं असतं.

अलिबागजवळून, शिक्षक

"वेळ" राहिला. तो एका अंगाने स्त्रीलिंगी, एका अंगाने पुल्लिंगी. "जेवायची वेळ झाली" म्हणजे घटका आली. "यायला वेळ झाला" म्हणजे उशीर झाला. "वेळेत पोचलो" म्हणजे ठरल्या घटकेला, "थोड्या वेळात पोचतो" म्हणजे अजून काही मिनिटं.

गुहागर

पण हे दोन अर्थ परके कुठे आहेत? एकाच वेळेची दोन रूपं. धाग्यात बसत नाही. "आगर" घ्या त्यापेक्षा: नारळी-पोफळीचं आगर आणि एसटीचं आगर.

अलिबागजवळून, शिक्षक

एसटीचं *आगार* असतं, मधे काना आहे. घाईत दोन्ही सारखे ऐकू येतात, लिहिताना दोन शब्द आहेत. वेळेबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र मान्य, तो या धाग्यात जरा ओढूनच आणला.

धागा सुरू करणारी

"गळ" बद्दल कोणी बोललं नाही. मासे धरायचा गळ "टाकला", आग्रहाची गळ "घातली". क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात लिंग दिसतं. पण आग्रहाची गळ माशाच्या गळावरूनच आली असेल का? माणूस गळाला लागावा म्हणून? की गळ्यात पडण्यावरून? मला ठरवता आलेलं नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरून, मासेमारी

गळाचं मला माहीत नाही. "भरती" चं सांगतो. पेपरात "रत्नागिरीत उद्या भरती" एवढंच असतं, आणि पोलीस भरती की समुद्राची ते त्यावरून कळत नाही. सामान्यरूप सारखं, लिंग सारखं. फरक पुढच्या शब्दात: नोकरीची भरती *निघते*, *होते*, *रद्द होते*. समुद्राची *लागते*, *चढते*, *ओसरते*.

तिची वेळ हवी असेल तर तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, त्या सुमाराला पाणी पुरं भरतं. हिशेब मुंबईच्या बाजूला ठीक बसतो, खाली दक्षिणेला जागेप्रमाणे फरक पडतो. आणि त्यातून पाणी किती चढेल ते कळत नाही. अष्टमीला सहाला पुरी भरती येईल खरी, पण ती भांगाची.

धागा सुरू करणारी

तुमच्याकडे भांग "झाला" म्हणतात की "झालं"? "भांगाचं" वरून एवढंच कळतं की तो स्त्रीलिंगी नाही. पुल्लिंगी की नपुंसकलिंगी ते नाही कळत.

रायगडच्या किनाऱ्यावरून, मासेमारी

तेच तर. आम्ही नुसतं "भांग" म्हणतच नाही, "भांगाचं पाणी आहे" म्हणतो. झाला-झालं करायची पाळीच येत नाही.