मदत हवी आहे: पाणीपुरवठ्याच्या लेखाशीर्षांना निर्देशक कसे जोडायचे?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी खान्देशातल्या एका छोट्या नगरपरिषदेत लेखा विभागात आहे. आमच्या मुख्याधिकारी साहेबांनी सांगितलंय की पुढच्या अंदाजपत्रकात नुसता खर्च दाखवायचा नाही, प्रत्येक लेखाशीर्षासमोर ‘निष्पत्ती’चा रकाना हवा. सुरुवात पाणीपुरवठ्यापासून.

ढोबळ आकडे असे. वीज ९२ लाख, जंतुनाशक टीसीएल पावडर आणि तुरटी ९ लाख, पाइपलाइन दुरुस्ती २१ लाख, कंत्राटी मजूर ३८ लाख. एकूण १ कोटी ६० लाख. लोकसंख्या ४५ हजार धरली आहे. पंप हाउसच्या रजिस्टरप्रमाणे रोज ६० लाख लिटर पाणी सोडतो, म्हणजे माणशी १३३ लिटर. केंद्राच्या सेवा मानकात १३५ लिटर आहेत, त्यामुळे कागदावर आम्ही जवळजवळ पास! पण गावात नळाला पाणी चार दिवसांनी येतं. हा रकाना सभागृहात वाचून दाखवला तर नगरसेवक मला नळाखालीच उभं करतील.

वीजबिलासमोर काय लिहू? टीसीएलसमोर काय लिहू? कोणी केलं असेल तर नमुना द्या.

चोपडेकर

सोपं आहे भाऊ. केंद्र सरकार २००५-०६ पासून आउटकम बजेट मांडतंय. प्रत्येक शीर्षाला एक निर्देशक द्यायचा. विजेसमोर ‘किती तास पंप चालला’, टीसीएलसमोर ‘किती किलो वापरली’, दुरुस्तीसमोर ‘किती गळत्या काढल्या’. एक्सेलमध्ये दोन तासांचं काम.

ग्रामसेवक_तळोदा

आमच्याकडे पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के बंधित निधी होता. ३० टक्के पाण्याला, ३० टक्के स्वच्छतेला. बाकीचा ४० टक्के अबंधित. तुम्ही ती टक्केवारी पाळली का ते आधी बघा, नाहीतर ऑडिटमध्ये अडकाल.

गिरणाकाठ

दादा, ती विभागणी वेगळी. माझा प्रश्न खर्च झाल्यावर काय साधलं ते कसं दाखवायचं, हा आहे.

जुना_लेखापरीक्षक

चोपडेकरांचं अर्धं बरोबर आहे. २००५-०६ खरं, पण केंद्रातही निर्देशक योजनेला लागतो, वीजबिल किंवा मजुरीच्या शीर्षाला नाही. २०१७-१८ पासून उत्पादन आणि निष्पत्ती असे दोन्ही रकाने एकाच चौकटीत मांडतात, तेही योजनेनुसारच. पंप किती तास चालला ही निष्पत्ती नव्हे. पंप जुना झाला की तोच पाणीसाठा चढवायला जास्त तास चालतो. मग निर्देशक सुधारला म्हणायचं की बिघडला?

गिरणाकाठ, तुमची अडचण अशी की तुमची शीर्षं ‘पैसा कशावर गेला’ ते सांगतात आणि निष्पत्ती ‘कोणत्या सेवेसाठी गेला’ त्यावर ठरते. नगरपालिकांच्या लेखा नियमपुस्तिकेत कार्याचा संकेतांक वेगळा आणि खर्चाच्या प्रकाराचा वेगळा असतो, तो यासाठीच. निर्देशक पाणीपुरवठा या कार्याला जोडा आणि त्याखाली चारही शीर्षांची बेरीज घ्या. वाटलं तर एखाद्या मोठ्या शीर्षाला एक पूरक आकडा द्या. विजेसाठी तो रुपये नको, हजार लिटरमागे किती युनिट जळाले तो घ्या. दर वाढला की बिल वाढतं, त्यात तुमच्या लोकांचा काही दोष नसतो.

आणि एक विचारतो. कायम कर्मचाऱ्यांचे पगार कुठे टाकता?

गिरणाकाठ

सामान्य आस्थापनेत. पाणी विभागाचे साधारण ४० लाख होतील.

जुना_लेखापरीक्षक

मग तुमचा १ कोटी ६० लाखांचा आकडा पोकळ आहे. पगार धरले की २ कोटी होतात. रोज ६० लाख लिटर म्हणजे वर्षाला २१ लाख ९० हजार घनमीटर. पगाराशिवाय घनमीटरमागे ७ रुपये ३० पैसे, पगारासकट ९ रुपये १३ पैसे. शीर्षं जागेवर राहू द्या, फक्त निर्देशकाच्या तक्त्यात पगार पाण्याकडे वळवून दाखवा आणि तशी टीप घाला.

आता १३३ लिटरचं. सेवा मानकांच्या २००८ च्या पुस्तिकेत वितरण व्यवस्थेत सोडलेलं पाणी मोजतात, नळावर पडलेलं नव्हे. म्हणून तुमचा आकडा नियमाला धरून आहे, पण एकटा छापला तर फसवा आहे. त्याच पुस्तिकेत हिशोबात न येणाऱ्या पाण्यासाठी २० टक्क्यांचं मानक आहे. दोन्ही आकडे शेजारी छापा.

पंप_हाऊस_धुळे

मी पाणीपुरवठ्यातच अभियंता आहे. गिरणाकाठ, ते ६० लाख लिटर मीटरवरचं की तासांवरचं?

गिरणाकाठ

तासांवरचं. बल्क मीटर बंद आहे.

पंप_हाऊस_धुळे

वाटलंच. पंपाच्या पाटीवरचा डिस्चार्ज गुणिले तास केलं की आकडा नेहमी जास्त येतो. पंप झिजलेला असतो, व्होल्टेजही कमी असतं. पुस्तिकेत माहितीच्या विश्वासार्हतेच्या ‘अ’ ते ‘ड’ श्रेणी आहेत. तुमचा आकडा खालच्या श्रेणीत जाईल, ती श्रेणीही छापा. मीटर दुरुस्तीचा प्रस्ताव मग आपोआप पुढे सरकतो, हा माझा अनुभव.

तोवर गळती मोजायला एकच जलकुंभ घ्या. त्यात येणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून एका आवर्तनाला टाकीची पातळी आधी आणि नंतर बघा. समजा ५ लाख लिटर गेले आणि त्या भागात २०० नळ आहेत. सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या टोकाच्या मिळून वीसेक घरी बादली लावा, पंधरा लिटर भरायला किती सेकंद लागले ते तासात तीनदा टिपा. सरासरी १,५०० लिटर निघाले तर २०० नळांना ३ लाख लिटर मिळाले. २ लाख हरवले, म्हणजे ४० टक्के. यात गळतीही आली आणि चोरीचे नळही, ही चाचणी दोघांना वेगळं करत नाही. मोटार लावलेली घरं सरसकट नमुन्यात घेऊ नका, तिथला वेग फसवतो.

ही ४० टक्के गावभर लागू धरली तर तुमचे ९ रुपये १३ पैसे नळापाशी १५ रुपयांच्या पुढे जातात.

चोपडेकर

मान्य. पण टीसीएलला माझा किलोचा निर्देशक काय वाईट?

पंप_हाऊस_धुळे

पोतं उघडं राहिलं की टीसीएलमधला क्लोरीन उडतो. किलो तेवढेच पडले तरी टोकाच्या नळाला काही पोचत नाही. म्हणून ओटी टेस्टवर जा, पिवळा रंग आला पाहिजे. शेवटच्या टोकाच्या नमुन्यांपैकी कितींत लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम किंवा जास्त क्लोरीन मिळाला, एवढाच आकडा घ्या. नमुना जलकुंभाखालून घ्यायचा नाही, तिथे नेहमीच पिवळं येतं. व्हॉल्व्हमनला सांगितलं तर तो हटकून तिथूनच भरून आणेल, त्याचं चालणं वाचतं.

अहिराणी_भाऊ

आमना गावमा तं नळले पानीच येस नही, टेस्ट कशानी करू? विनोद सोडा, पण उन्हाळ्यात धरणात साठा नसेल तर निर्देशक पडणारच. मग दोष कोणाचा?

जुना_लेखापरीक्षक

हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. काही ठिकाणी ‘धरणातून मिळालेलं आवर्तन’ असा वेगळा रकाना ठेवलेला पाहिला. तो लिहिला की सगळंच त्याच्यावर ढकलतात, वगळला की विभागावर अन्याय होतो. मी तरी वगळणार नाही. पण दोन आवर्तनांतल्या दिवसांचा फरक हा निर्देशक त्याच्या शेजारी ठेवीन. पुस्तिकेप्रमाणे रोजचे सरासरी तास काढले तर चार दिवसांतून एक तास म्हणजे रोज पंधरा मिनिटं होतात, आणि चार दिवसांची वाट त्यात दिसतच नाही.

गिरणाकाठ

म्हणजे माझा तक्ता असा: पाणीपुरवठा एक कार्य, पगारासकट २ कोटी, निर्देशक चारच. नळावरचं माणशी पाणी, हिशोबात न येणारं पाणी, आवर्तनातले दिवस, टोकाच्या नळावरचा क्लोरीन. विजेच्या युनिटचा आकडा पूरक म्हणून खाली. साहेबांना पंचवीस हवेत, तेवढे मी देणार नाही.

बादलीची चाचणी येत्या आवर्तनात करतो. एक राहिलं. त्या चाचणीच्या कागदावर सही कोणाची घ्यायची? अभियंत्याची घेतली तर तो स्वतःचंच काम तपासणार आणि लेखा विभागाची घेतली तर सभागृह म्हणेल तुम्हाला पाण्यातलं काय कळतं.