‘ही’, ‘भी’ आणि ‘च’ : आंधळे-हत्तीच्या गोष्टीतून अनेकांत शिकवताना

शीतल
जैन पाठशाळेत सातवी-आठवीच्या मुलांना अनेकांत, म्हणजे वस्तूला अनेक बाजू असतात हा जैन विचार, शिकवायचा आहे. हातातली पुस्तिका हिंदीवरून मराठीत आणलेली आहे. आंधळे आणि हत्तीची गोष्ट संपली की तिच्यात एक ओळ येते, “ही म्हणणे हा एकांत, भी म्हणणे हा अनेकांत.” हिंदीत हे चपखल बसतं. आपल्याकडे मात्र अर्थच उलटा होतो, कारण हिंदीतला ‘भी’ म्हणजे मराठीतला ‘ही’, आणि हिंदीतला ‘ही’ म्हणजे आपला ‘च’. एका मुलाने वहीत लिहून ठेवलं होतं, “तोही बरोबर असे म्हणू नये.” आणि एका मुलीने विचारलं, एकांतात बसणं वाईट असतं का?
तर ‘ही-भी’च्या जागी ‘च’ आणि ‘ही’ घातलं की काम होईल का? आणि अनेकांताच्या वाक्यात येणाऱ्या ‘स्यात्’ या संस्कृत शब्दाला मराठीत काय म्हणावं?

गोविंद
होईल की. ‘हत्ती खांबच आहे’ चूक, ‘हत्ती खांबही आहे’ बरोबर. ‘स्यात्’ हे ‘अस्’ धातूचं विध्यर्थी रूप आहे. ‘असावा, असू शकेल’. म्हणून ‘कदाचित’ हा शब्द घ्या. “हत्ती कदाचित खांबासारखा असेल.” नम्रपणाही येतो.

आण्णा
गोविंदराव, रूप तुम्ही बरोबर ओळखलंत. पण जैन ग्रंथांत हा शब्द क्रियापद म्हणून वापरलेला नाही. जैन आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसा या ग्रंथात त्याला स्पष्टच ‘निपात’, म्हणजे अव्यय, म्हटलंय आणि त्याचं काम सांगितलंय ‘अनेकान्तद्योती’, म्हणजे वाक्यात अनेकांत आहे हे दाखवून देणारा. टीकाकार त्याचा अर्थ ‘कथंचित्’ देतात : एका विशिष्ट प्रकारे, एका अपेक्षेने. ‘कदाचित’ म्हटलं की बोलणाऱ्याला शंका आहे असं होतं. पाय चाचपणाऱ्या आंधळ्याला पायाबद्दल कसलीही शंका नाही, आणि असायचं कारणही नाही. त्याला हात लागलाय तो खांबासारखाच आहे. स्याद्वादाला, म्हणजे ‘स्यात्’ लावून बोलण्याच्या या पद्धतीला, संशयवाद म्हणण्याची चूक फार जुनी आहे. निदान आपण तरी ती पाठशाळेतून पसरवायला नको.
‘च’बद्दल जरा थांबा. तिथे गंमत आहे, ती पुढे सांगतो.
शीतलताई, त्या मुलीला सांगा की इथला ‘अंत’ म्हणजे शेवट नव्हे, वस्तूचा धर्म, तिची एक बाजू. एकच बाजू धरली की एकांत. मराठीत ‘एकांतिक भूमिका’ म्हणतो तेव्हा आपण हाच अर्थ वापरत असतो.

मेघना
मला ही गोष्ट अगदी पटते. आमच्या इमारतीत पाण्याच्या टाकीवरून दोन वर्षं भांडण चाललंय. परवा सभेत मी हीच गोष्ट सांगितली आणि म्हटलं, सगळेच आपापल्या जागी बरोबर आहेत. तरी कोणी ऐकलं नाही! अनेकांत व्यवहारात चालत नाही असं वाटायला लागलंय.

आण्णा
मेघनाताई, ‘सगळेच बरोबर’ हा अनेकांत नव्हे. तो सभा लवकर संपवण्याचा उपाय आहे. त्यात कोण कशाच्या अपेक्षेने बरोबर, हे कोणाला सांगावंच लागत नाही. टाकी गळत असेल तर ‘गळत नाही’ म्हणणारा फक्त वरच्या झडपेबद्दल बोलतोय का, हे विचारावं लागेल. आणि झडपेबद्दल विचारूनही तो चूक निघू शकतो.
आता ‘च’. आचार्य हेमचंद्रांच्या एका द्वात्रिंशिकेत, म्हणजे बत्तीस श्लोकांच्या रचनेत, एकाच गोष्टीच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत : ‘सदेव’ म्हणजे आहेच, ‘सत्’ म्हणजे आहे आणि ‘स्यात् सत्’ म्हणजे एका अपेक्षेने आहे. पहिला दुर्नय, म्हणजे बाकीच्या बाजू नाकारणारी दृष्टी; दुसरा नय, म्हणजे एका बाजूची दृष्टी; तिसरं प्रमाण, म्हणजे पूर्ण ज्ञान. मल्लिषेणांची स्याद्वादमंजरी ही त्याच द्वात्रिंशिकेवरची टीका, १३व्या शतकाच्या अखेरीची. या पायऱ्या हत्तीला लावून पाहा.
“हत्ती म्हणजे खांबच.” हा दुर्नय. त्याने बाकीच्या पाचांना खोडून टाकलं.
“हत्ती खांबासारखा आहे.” हा नय. बाकीच्यांबद्दल तो गप्प आहे, पण त्यांना नाकारत नाही.
“पायाच्या अपेक्षेने हत्ती खांबासारखा आहे.” ही ‘स्यात्’ची जागा.
बहुतेक शिक्षक दुसऱ्या पायरीवर थांबतात आणि तिलाच अनेकांत म्हणतात.

गोविंद
म्हणजे माझं ‘च’ काढा बरोबरच ठरलं ना?

आण्णा
तिथेच तर गंमत आहे. सप्तभंगीचा, म्हणजे विधान करण्याच्या सात प्रकारांतला, पहिला भंग ग्रंथांत नीट लिहिलेला असतो तेव्हा तो ‘स्यादस्त्येव’ असा असतो. ‘स्यात्’ आहे आणि ‘एव’, म्हणजे आपला ‘च’, तोही आहे. एकदा अपेक्षा सांगितली की ‘च’ लावायचाच : “पायाच्या अपेक्षेने हत्ती खांबासारखाच आहे.” पायाच्या अपेक्षेने तो सुपासारखाही आहे, दोरीसारखाही आहे, असं म्हणता येणार नाही. दोष ‘च’चा नाही, अपेक्षा न सांगता लावलेल्या ‘च’चा आहे. मुलांना ‘च वाईट’ शिकवलं तर ती कशाबद्दलच ठामपणे बोलणार नाहीत, आणि त्याला अनेकांत समजतील.

विश्राम
जरा वेगळं बोलतो. मला जन्मापासून दिसत नाही. ही गोष्ट शाळेत पहिल्यांदा ऐकली तेव्हाच मला खटकली होती. आम्ही एखादी मोठी वस्तू समजून घेतो तेव्हा हात एका जागी ठेवून थांबत नाही. वरून खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेतो, लक्षात ठेवतो, शेजारच्याला विचारतो. पायाला हात लावून ‘खांब’ म्हणून निघून जाणारा माणूस आंधळा म्हणून चुकत नाही, आळशी म्हणून चुकतो. वर्गात माझ्यासारखं मूल असेल तर त्याला ही गोष्ट कशी ऐकू येईल?

शीतल
विश्रामदादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग गोष्टीऐवजी मुलांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून खेळ घ्यावा का?

विश्राम
घ्या, पण हत्तीचं खेळणं ठेवू नका. पट्टी बांधलेल्या मुलाला हत्ती आधीपासून माहीत असतो. सोंडेला हात लागला की ते ‘हत्ती!’ म्हणून ओरडेल आणि खेळ संपेल.

आण्णा
विश्रामराव, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. जुन्या ग्रंथांत ‘अंध’ एवढंच नाही, ‘जात्यंध’ असं येतं. अमृतचंद्रांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायाच्या दुसऱ्याच श्लोकात अनेकांताला नमस्कार करताना ‘निषिद्धजात्यन्धसिन्धुरविधानम्’ असं विशेषण आहे. सिंधुर म्हणजे हत्ती. जन्मांधांनी हत्तीबद्दल केलेली विधानं खोडून काढणारा, तो अनेकांत. जन्मांध का, तर त्यांना हत्ती आधी ठाऊकच नव्हता. गोष्ट दृष्टीपेक्षा या अनोळखीपणावर उभी आहे. आणि इथे अनेकांत त्यांच्या विधानांचं कौतुक करत नाही, निषेध करतो, हेही लक्षात घ्या.

शीतल
मग वस्तू अशी हवी की जी मुलांनी पाहिलेलीच नाही. घरी जुना टाइपरायटर आहे. चादरीखाली ठेवते. एकाला फक्त किल्ल्या, एकाला रोलर, एकाला बाजूचा दांडा. वाक्यं अशी होतील का?
पहिली फेरी, मनाला येईल ते : “हे लाटणं आहे.” “ही बटणं आहेत.”
दुसरी फेरी, सक्तीने एक शब्द घालून : “मला हात लागला त्या भागाच्या अपेक्षेने हे लाटण्यासारखंच आहे.”

आण्णा
उत्तम. फक्त तिसरी फेरी विसरू नका. प्रत्येकाने दुसऱ्याच्या भागाबद्दल ‘नाही’चं वाक्यही म्हणायचं : “किल्ल्यांच्या अपेक्षेने हे लाटण्यासारखं नाहीच.” अस्ति आणि नास्ति दोन्ही एकाच मुलाच्या तोंडून आली पाहिजेत. नाहीतर मुलं एवढंच शिकतात की प्रत्येकाला थोडं थोडं कळतं.

मेघना
पण ‘अपेक्षेने’ शब्द मुलांना कळेल का? अपेक्षा म्हणजे तर आईबाबांच्या अपेक्षा.

आण्णा
कळेल, कारण तो शब्द ती रोज बोलतात. ‘करंगळीपेक्षा अनामिका मोठी’ यातलं ‘पेक्षा’ म्हणजे हीच ‘अपेक्षा’, फक्त सुरुवातीचा ‘अ’ गळलेला. तीच अनामिका मधल्या बोटापेक्षा लहान. बोट बदललेलं नाही, कोणापेक्षा ते बदललं. हा खेळ हत्तीच्या आधी घ्या, दोन मिनिटांत होतो.

गोविंद
एक शंका मनापासून. पायवाला चूक, कानवाला चूक, शेपटीवाला चूक. सहा चुका एकत्र करून एक बरोबर कसं होतं? सहा खोटी नाणी एकत्र करून खरा पैसा होत नाही.

आण्णा
हा आक्षेप समंतभद्रांच्या काळीही होता. ‘मिथ्यासमूहो मिथ्या चेत्’, खोट्यांचा समूह खोटाच ना, असं मांडून त्यांनीच उत्तर दिलंय : ‘निरपेक्षा नया मिथ्या, सापेक्षा वस्तु’, अपेक्षा सोडलेले नय खोटे, अपेक्षा धरलेले खरे. बेरीज चुकांची होत नाही. आधी प्रत्येक विधान अपेक्षा लावून दुरुस्त होतं, मग जोडलं जातं. ‘हत्ती खांबच’ आणि ‘हत्ती दोरीच’ जोडून काहीच मिळत नाही. ‘पाय खांबासारखे’ आणि ‘शेपटी दोरीसारखी’ जोडली की जनावर दिसायला लागतं.
हीच गोष्ट बौद्धांच्या उदान या पाली ग्रंथातही आहे. श्रावस्तीचा राजा, जन्मांधांना हत्ती दाखवतो, कान सुपासारखा, सुळा फाळासारखा, आणि शेवटी सगळे एकमेकांना गुद्दे हाणतात. तिथे रोख पंथांच्या भांडणाकडे आहे. विधानं दुरुस्त करायचं काम त्या गोष्टीत कोणी करत नाही. जैन वर्गात सांगताना नेमकं तेच काम मुलांकडून करून घ्यायचं असतं.

विश्राम
तरी माझी एक अडचण राहतेच. पाय खांबासारखा आणि शेपटी दोरीसारखी, हे दोन वेगळे भाग आहेत, त्यांच्यात विरोध कसला? अनेकांत तर म्हणतो की तीच वस्तू नित्यही आणि अनित्यही. ते हत्तीच्या अवयवांनी कसं समजणार?

आण्णा
नाही समजणार. गोष्टीची हद्द तिथे संपते. हत्ती अवयवांचा आहे, अनेकांत धर्मांचा आहे. एकाच पायाला धरून विचारावं लागेल : हा पाय पिल्लू असतानाचाच का? द्रव्याच्या, म्हणजे मूळ वस्तूच्या, अपेक्षेने तोच; पर्यायाच्या, म्हणजे बदलत्या अवस्थेच्या, अपेक्षेने वेगळाच. तत्त्वार्थसूत्रात ‘उत्पादव्ययध्रौव्ययुक्तं सत्’, म्हणजे उपजणं, नाहीसं होणं आणि टिकणं ज्यात आहे ते सत्, असं आहे ते याच जागी. आठवीच्या मुलांना त्यांचा स्वतःचा पहिलीतला फोटो दाखवून हे विचारता येतं. पण ते हत्तीच्या तासाला नको, पुढच्या तासाला.

गोविंद
आणि गोष्टीच्या शेवटी डोळस माणूस येऊन ‘हा हत्ती’ सांगतो, तो कोण? शिक्षकाने स्वतःला त्या जागी उभं केलं तर सगळा अनेकांत पाण्यात.

आण्णा
परंपरेत ती जागा केवलज्ञान्याची, म्हणजे सर्वज्ञाची. आप्तमीमांसेत स्याद्वाद आणि केवलज्ञान दोन्ही सर्व तत्त्वं प्रकाशित करतात म्हटलंय, फरक साक्षात आणि असाक्षात एवढाच. म्हणून डोळस माणूस गोष्टीत हवाच, नाहीतर ‘खरा हत्ती कोणालाच कळत नाही’ असा अर्थ निघतो आणि तो जैन अर्थ नाही.

विश्राम
मला तो नसला तरी चालेल. आंधळेच जागा बदलून, एकमेकांना विचारून हत्ती ओळखतात अशी गोष्ट मी तरी सांगेन.

आण्णा
मग सर्वज्ञ गोष्टीतून गेला, आणि अर्धं दर्शनही. मी नाही सांगणार तशी.

शीतल
दोघांचं ठेवून पाहते. टाइपरायटरवरची चादर मी शेवटी काढणार, पण त्याआधी एक फेरी जागा बदलण्याची. आणि पुस्तिकेतली ओळ अशी बदलतेय : “अपेक्षा न सांगता ‘च’ म्हणणे हा एकांत. अपेक्षा सांगून ‘च’ म्हणणे हा स्याद्वाद.” ‘ही’ पूर्ण काढून टाकला. चालेल?

आण्णा
‘अपेक्षा सांगून’नंतर ‘आणि दुसरी अपेक्षा न नाकारता’ एवढं घाला. ओळ लांबेल, लांबू द्या.