मदत हवी आहे: व्यसनमुक्तीच्या रोल-प्लेसाठी फीडबॅकचा तक्ता

नमस्कार. नव्या समुपदेशकांसाठी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचा रोल-प्ले लिहितेय. त्यात दारू पिणारा रुग्ण म्हणतो, "बायकोने आणलं म्हणून आलो. पण हल्ली सकाळी हात थरथरतात, तेवढंच जरा…" शिकणारे लगेच लिव्हरचं व्याख्यान सुरू करतात आणि तो गप्प होतो. खरं तर ‘पण’नंतरचं उचलून रिफ्लेक्शन द्यायला हवं, म्हणजे त्याचं म्हणणं त्यालाच परत मांडून दाखवायला हवं: "त्या थरथरीची तुम्हाला काळजी वाटतेय."

तक्त्यात मी प्रश्न आणि रिफ्लेक्शन मोजते. एका प्रश्नामागे निदान एक रिफ्लेक्शन, दोन असतील तर उत्तम. पण रुग्णाचेच शब्द परत म्हटले तरी गुण मिळतात. त्याच्या न बोललेल्या अर्थापर्यंत पोचलेलं रिफ्लेक्शन निरीक्षकाने ऐकता ऐकता कसं ओळखावं? कुणाकडे नमुना आहे का? शिवाय थरथर दारू उतरल्याची असू शकते, तेव्हा डॉक्टरांकडे पाठवण्याचं वाक्य संवादात नेमकं कुठे घालू?