पहिल्या पसंतीची सगळ्यांत जास्त मतं, तरी चित्रपट हरला. हे कसं?

चौथी रांग
दादरच्या आमच्या फिल्म क्लबने यंदा वर्षातला सर्वोत्तम चित्रपट ऑस्करसारखा पसंतीक्रम लावून निवडला. चार चित्रपट, ४० मतपत्रिका. पहिली पसंती अशी: युद्धपट १५, कौटुंबिक ११, विनोदी ८, भयपट ६. आणि जाहीर झाला कौटुंबिक! सगळ्यांत जास्त लोकांचा लाडका चित्रपट हरणार असेल तर मत द्यायचं कशाला? ऑस्करला खरंच असंच चालतं, की आमच्याकडे मोजणीत घोळ झाला?

सातची लोकल
असंच चालतं. तिथे पहिल्या पसंतीला जास्त गुण, दुसरीला त्याहून कमी, अशी सगळ्यांची बेरीज होते. त्यामुळे जो चित्रपट कुणालाच खटकत नाही तो पुढे जातो. काहींना जीव की प्राण आणि बाकीच्यांना अजिबात नको, असा चित्रपट मागे पडतो. तुमचा युद्धपट तसाच असणार.

टपालपेटी
लोकल, निष्कर्ष बराचसा बरोबर आहे, पण गुणांची बेरीज कुठेच होत नाही, आणि त्या फरकाने खूप काही बदलतं. मी एका फिल्म सोसायटीसाठी बरीच वर्षं अशी मोजणी केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रत्येक मतपत्रिका कोणत्याही क्षणी एकाच चित्रपटाच्या गठ्ठ्यात असते. सुरुवातीला ती पहिल्या पसंतीच्या गठ्ठ्यात जाते. एखाद्याला निम्म्याहून जास्त मिळाल्या तर काम तिथेच संपलं. नाही तर सगळ्यांत लहान गठ्ठ्याचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या पत्रिका, त्यांवर पुढे ज्याचं नाव असेल त्याच्या गठ्ठ्यात जातात. कुणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हेच चालू राहतं.

तुमच्याकडे जिंकायला २१ हव्या होत्या, युद्धपटाकडे १५ होत्या. म्हणजे भयपट आधी बाद झाला असणार. त्याच्या ६ आणि नंतर विनोदीच्या ८ पत्रिका कुठे गेल्या ते कागदावर आहे का? ते कळल्याशिवाय घोळ झाला की नाही, सांगता येणार नाही.

चौथी रांग
आहे, सेक्रेटरींकडून मागून घेतलं. भयपटाच्या ६ पैकी ५ कौटुंबिककडे, १ युद्धपटाकडे. तेव्हा दोघेही १६ वर आणि विनोदी ८. मग विनोदीच्या ८ पैकी ६ कौटुंबिककडे, २ युद्धपटाकडे. शेवट २२ विरुद्ध १८.

टपालपेटी
मग मोजणी चोख आहे. १५ जणांना युद्धपट सर्वांत आवडला हे खरं, पण २५ जणांना तो सर्वांत आवडता नव्हता, हेही तितकंच खरं. पहिल्या पसंतीवरच निकाल लावला असता तर त्या २५ जणांचं पुढचं म्हणणं कुणी वाचलंच नसतं.

ऑस्करमध्ये ही पद्धत फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या अंतिम मतदानाला आहे. २०१० च्या सोहळ्यापासून, म्हणजे नामांकनं ५ वरून १० झाली तेव्हापासून. कारण उघड आहे: दहा चित्रपटांत मतं फुटली की एखादा जेमतेम १५ टक्क्यांवरही जिंकू शकतो. बाकीच्या विभागांत अजूनही एकच खूण, ज्याला जास्त तो जिंकला. २०१७ चा सोहळा आठवा. 'ला ला लँड'ला १४ नामांकनं, सहा पुरस्कार, त्यांत दिग्दर्शनाचाही. सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र 'मूनलाइट'. मतदार तेच, पण दिग्दर्शनासाठी एक खूण आणि चित्रपटासाठी क्रम. निकाल पद्धतीमुळेच वेगळा लागला असं मी म्हणणार नाही, कारण अकादमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही. तसं होऊ शकतं, एवढंच.

शिवाजी पार्क
मला हे पटत नाही. आमदार निवडताना ज्याला जास्त मतं तो जिंकतो, तेव्हा कुणी म्हणत नाही की हरलेल्यांची दुसरी पसंती काढा. पुरस्कार म्हणजे कुणीतरी तुमच्यावर जीव ओवाळून टाकला याची पावती. १५ जणांनी तो ओवाळला, तर पुरस्कार त्यांच्या चित्रपटाला. ज्याला त्याला 'चालेल' वाटलेला चित्रपट निवडून कलेचं काय भलं होणार?

टपालपेटी
शिवाजी पार्क, ओवाळून टाकणाऱ्यांची कदर होते, पण ती आधीच्या पायरीवर, नामांकनाला. तिथेही सभासद क्रमच लावतात, पण नामांकन मिळवायला निम्मी मतं लागत नाहीत. दहा जागा असतील तर अकराव्या हिश्शाहून थोडी जास्त पुरतात. समजा ९,००० पत्रिका आल्या, तर ८१९ झाल्या की जागा पक्की. म्हणजे आठशे-नऊशे लोक एखाद्या चित्रपटावर खरंच फिदा असतील तर बाकीच्या आठ हजारांना तो सहन होत नसला तरी तो यादीत येतो. पण पुढे जिंकायचं तर त्याच आठ हजारांतल्या बऱ्याच जणांनी त्याला वरच्या क्रमावर ठेवायला हवं. यादीत येण्यासाठी लागतं ते वेड, जिंकण्यासाठी लागते ती सहमती. वेडाने आत आलेले बरेच चित्रपट याच उंबरठ्यावर अडतात.

गिरगावची मंजू
प्रेक्षकांची मतं कुणी मोजतच नाही, मूळ दुखणं ते आहे. 'सैराट'च्या वेळी आमच्या चाळीतून दोन-दोनदा जाऊन आले लोक. माझी आई, जी वर्षानुवर्षं थिएटरात गेली नव्हती, तीही आली आणि शेवट झाल्यावर बराच वेळ खुर्चीतून उठलीच नाही. घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही तिने. आणि त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट 'बाहुबली', सर्वोत्कृष्ट मराठी 'रिंगण'. 'सैराट'ला काय, तर रिंकू राजगुरूला विशेष उल्लेख. एवढ्या मतांचं झालं काय?

टपालपेटी
मंजूताई, तुमच्या आईंचं वाचून मलाही ते दिवस आठवले. पण राष्ट्रीय पुरस्काराला मतदान नसतं. आधी प्रादेशिक समित्या चित्रपट बघतात, मग केंद्रीय ज्युरी मोजक्या माणसांत चर्चा करून ठरवते. आणि तारखा बघा. चित्रपट कोणत्या वर्षाचा, हे प्रदर्शनावरून नाही तर सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवरून ठरतं. ते पुरस्कार मार्च २०१६ मध्ये जाहीर झाले आणि 'सैराट' थिएटरात आला २९ एप्रिलला. ज्युरीने निर्णय दिला तेव्हा तुमच्या आईंनी तो पाहिलेलाच नव्हता, महाराष्ट्रानेही नाही. लोकांचं प्रेम डावललं गेलं असं नाही, ते तोवर जन्मलंच नव्हतं.

गिरगावची मंजू
हे मला माहीत नव्हतं. पण मग त्याच्या पुढच्या वर्षी तरी विचार व्हायला हवा होता ना? चित्रपट एकदाच पात्र होतो हे ठीक, पण लोकांपर्यंत पोचायच्या आधीच त्याची पाळी संपते, हे मला न्यायाचं वाटत नाही.

बूम माइक
माझा मुद्दा जरा वेगळा आहे. मी गोरेगावला साउंडमध्ये काम करतो. एका पुरस्काराच्या अंतिम फेरीत आमच्या कामाला मत देणारे बहुतेक जण आमच्या खात्यातले नव्हते. आमचा चित्रपट जवळजवळ शांत होता. एका दृश्यात भिंतीपलीकडे चालू असलेल्या प्रेशर कुकरच्या शिट्टीवरून कळतं की घरात कोणीतरी आहे. ती शिट्टी बसवायला आम्हाला तीन रात्री लागल्या, कारण थोडी मोठी झाली की ती याच घरातली वाटायची. जिंकला तो, ज्यात स्फोट होते. नामांकन आम्हाला साउंडवाल्यांनीच दिलं होतं, त्यांनी ती शिट्टी ऐकली होती.

टपालपेटी
ऑस्करलाही रचना अशीच आहे. साउंडचं नामांकन साउंडवाले करतात, संकलनाचं संकलक, अभिनयाचं नट. अंतिम फेरीत मात्र प्रत्येक विभागाला सगळे सभासद मत देऊ शकतात. म्हणून कारागीर कुणाला मानतात हे बघायचं असेल तर मी विजेत्यापेक्षा नामांकनाची यादी बघतो. २०२५ मध्ये अकादमीने एक नियम जाहीर केला: ज्या विभागात अंतिम मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. शिट्टी ऐकू येईलच असं नाही, पण चित्रपट न बघताच मत देणं तरी कमी व्हावं.

सातची लोकल
गुणांचं चुकलं, मान्य. पण मग हुशारी अशी की फक्त आपल्या लाडक्याचं नाव लिहायचं आणि बाकी रकाने कोरे ठेवायचे. म्हणजे आपल्या मताचा फायदा दुसऱ्याला होणार नाही.

टपालपेटी
हा गैरसमज मी दर वर्षी ऐकतो. तुमची दुसरी पसंती उघडते ती पहिली बाद झाल्यावरच. ती लिहिल्याने तुमच्या लाडक्याचं काडीचंही नुकसान होत नाही. कोरं ठेवलंत तर लाडका बाद झाल्यावर तुमची पत्रिका बाजूला पडते आणि शेवटचा सामना तुमच्याशिवाय होतो.

चौथी रांग, आता मलाच एक विचारायचंय. युद्धपटाच्या त्या १५ पत्रिका शेवटपर्यंत टिकल्या, म्हणून त्यांवरची दुसरी पसंती कुणी पाहिलीच नसणार. बघता येईल का? बाकीच्या पत्रिकांवरचा खालचा क्रमही सांगा.

चौथी रांग
काल क्लबवर बसून सगळ्या पत्रिका पुन्हा पसरल्या. युद्धपटाच्या पंधराही पत्रिकांवर दुसरा क्रमांक विनोदीचा! कौटुंबिकच्या अकराही जणांनी दुसरा विनोदीच लिहिलाय. भयपटाच्या ज्या ५ पत्रिका कौटुंबिककडे गेल्या, त्यांवर तिसरा विनोदी आणि शेवटचा युद्धपट.

टपालपेटी
मग हे बघा. फक्त कौटुंबिक आणि विनोदी समोरासमोर असते, तर विनोदीला स्वतःच्या ८ आणि युद्धपटवाल्यांच्या १५, म्हणजे २३. भयपटाच्या सहाही कौटुंबिकला दिल्या तरी त्याच्या १७. विनोदी विरुद्ध युद्धपट केलं, तर ८, ११ आणि ५ मिळून २४, समोर १६. भयपटही त्याला हरवू शकत नाही. म्हणजे तुमच्या क्लबात एकेकाशी लढवला तर प्रत्येकाला हरवणारा चित्रपट विनोदीच होता, आणि तो तिसरा आला.

लोकल, तुमचं वाक्य इथे तपासून बघा. 'कुणालाच न खटकणारा जिंकतो' हे अर्धंच खरं. सगळ्यांच्या दुसऱ्या पसंतीचा चित्रपट पहिल्या पसंतीची मतं कमी असल्यामुळे लवकर बाद होतो आणि ज्या पत्रिकांनी तो वाचला असता त्या उघडल्याच जात नाहीत. पहिली मतं टिकण्यापुरती हवीतच, त्यानंतर दुसरी-तिसरी कामाला येतात. आणि असं काही घडलंय हे कळायला सगळ्या पत्रिका समोर लागतात. ऑस्करला त्या बाहेरच्या कुणालाच दिसत नाहीत.

शिवाजी पार्क
म्हणजे एका पद्धतीने युद्धपट, दुसरीने कौटुंबिक, तिसरीने विनोदी. माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. ज्याला जास्त मतं तो विजेता, हे निदान प्रत्येकाला घरी जाऊन सांगता येतं.

टपालपेटी
सांगता येतं, हे मी मानतो. पण तुमच्या विजेत्याला २५ पैकी २२ जणांनी सगळ्यांत शेवटी ठेवलं असेल, तर त्यांनाही घरी जाऊन काहीतरी सांगावं लागेल. चौथी रांग, विनोदीच्या ज्या ६ पत्रिका कौटुंबिककडे गेल्या त्यांवर चौथा कोण आहे?

चौथी रांग
युद्धपट. सहाही पत्रिकांवर. कौटुंबिकच्या अकराही पत्रिकांवर तोच चौथा. ११, ६ आणि ५, बरोबर २२ झाले. मी स्वतः त्या १५ मधला आहे आणि माझ्याही पत्रिकेवर दुसरा विनोदीच आहे. रविवारच्या मीटिंगला चाळीसही पत्रिका टेबलावर ठेवतो. निकाल बदलायचा नाही, पण पुढच्या वर्षी कसं मोजायचं ते या पत्रिका बघून ठरवू. मंजूताई, तुमच्या आईंना घेऊन याल का?

गिरगावची मंजू
आणते. पण जिना किती आहे ते आधी सांगा, तिचे गुडघे दुखतात.