मदत हवी आहे: पौड रोडचा फ्लॅट. जाहिरातीतला पत्ता, फोटो आणि इमारत एकच आहे हे लांबून कसं तपासू?

तेजश्री_सोलापूर

धाकट्या भावाला पुण्यात नोकरी लागली आहे. आई त्याच्यासोबत राहणार, त्यामुळे पीजी नको, टू बीएचकेच शोधतोय. एका साइटवर पौड रोडला आनंदनगर मेट्रो स्टेशनजवळ फर्निश्ड फ्लॅट दिसला. भाडं 17,000, डिपॉझिट 40,000. त्या भागात बाकीच्या जाहिराती तीस हजारांच्या आसपास आहेत. अकरापैकी नववा मजला, बाल्कनीतून मोकळा व्ह्यू असं लिहिलंय. फोटोत हॉल, किचन, दोन बेडरूम, बाल्कनी आणि इमारतीचा बाहेरून एक फोटो आहे.

मालक म्हणतात, मी निमलष्करी दलात आहे, सध्या राजस्थानात पोस्टिंग आहे. आयकार्ड आणि आधारचे फोटो न मागताच पाठवले. फ्लॅट बघायला सोसायटीचा गेट पास लागतो, त्याचे 2,500 आधी भरा, नंतर भाड्यातून वळते करू म्हणतात. आम्ही अजून काहीही भरलेलं नाही. गेट पासचं मलाही खटकतंय, पण आईचा जीव त्या घरात अडकलाय आणि "मला खटकतंय" एवढ्यावर ती ऐकणार नाही. तिला समोर ठेवून दाखवता येईल असं काहीतरी हवंय. सोलापुरात बसून काय काय तपासता येईल?

अमोघ_वारजे

गूगल मॅप्सवर स्ट्रीट व्ह्यू उघड. ही सोय 2022 पासून पुण्यात आहे. सोसायटीचं नाव टाकून गेट दिसलं आणि बाहेरचा फोटो जुळला की जाहिरात खरी. शिवाय महारेरावर प्रत्येक इमारतीची माहिती असते, तीही बघ. दहा मिनिटांचं काम आहे.

चटईक्षेत्र

अमोघ, सुरुवात बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. मी बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो, पत्ता आणि इमारत जुळवणं माझं रोजचं काम. बाहेरचा फोटो जुळला याने एवढंच कळतं की तशी इमारत आहे. तो फोटो कोणीही रस्त्यावरून काढतो किंवा नकाशावरून उचलतो. आतले फोटो त्याच इमारतीतले आहेत का, हा खरा प्रश्न.

महारेराचंही तसंच. 1 मे 2017 च्या आधी ज्यांना पूर्णत्वाचा दाखला मिळाला, त्या इमारती तिथे सापडणार नाहीत. कोथरूडचा बराचसा भाग त्याहून जुना आहे. तिथे नाव नसलं म्हणून इमारत खोटी ठरत नाही.

तेजश्री, तुम्ही उलट्या बाजूने जा. आतल्या फोटोतून अशी गोष्ट शोधा, जी इमारतीत असायलाच हवी, आणि मग ती बाहेरून दिसते का बघा. मजले मोजा. बाल्कनीचा कठडा काचेचा आहे की लोखंडी गजांचा, खिडक्यांना बाहेर आलेल्या जाळ्या आहेत की सपाट, हे बघा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाल्कनीतून बाहेर काय दिसतं ते. सोफा कुठल्याही घरात ठेवता येतो, समोरची टेकडी हलवता येत नाही.

आनंदनगर स्टेशनच्या उत्तरेला वेताळ टेकडीची रांग आहे आणि पौड रोडवरून मेट्रोचा उन्नत मार्ग जातो. नवव्या मजल्यावरून मोकळा व्ह्यू असेल तर बाल्कनीच्या दिशेप्रमाणे यातलं काहीतरी दिसण्याची शक्यता भरपूर आहे. तुमच्या फोटोत काय दिसतंय? आणि जाहिरातीत पिनकोड काय दिलाय?

राजाभाऊ_सहकारनगर

पोलिस व्हेरिफिकेशन केल्याशिवाय भाडेकरूला किल्ली देऊ नका. पुणे पोलिसांच्या साइटवर ऑनलाइन फॉर्म भरता येतो. आधारची प्रत घ्या, आधीच्या घरमालकाशी बोला.

तेजश्री_सोलापूर

राजाभाऊ, आम्ही भाडेकरू आहोत, घर देत नाही, शोधतोय. पण माहितीबद्दल आभार.

चटईक्षेत्र, पिनकोड 411051 आहे. बाल्कनीच्या फोटोत टेकडी नाही, मेट्रोही नाही. सपाट मोकळं मैदान, लांबवर एकाच रंगाचे उंच टॉवर. कठडा काचेचा.

सुलभा_हिंगणे

411051 आमचा पिनकोड आहे, सिंहगड रोडच्या आनंदनगरचा! कोथरूडचा 411038. पुण्यात आनंदनगर एक नाही हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार.

चटईक्षेत्र

सुलभाताई, छान पकडलंत. पण यावरच फैसला नको. प्रामाणिक मालकही साइटवर आनंदनगर टाईप करताना खालच्या यादीतलं चुकीचं नाव निवडतो, आणि पिन आपोआप भरला जातो. नकाशावरची खूण एका भागात आणि पिन दुसऱ्या भागातला असेल तर त्या माणसालाच विचारायचं की जवळचं मोठं हॉस्पिटल किंवा शाळा कोणती, वळायचं कुठे. तिथे राहिलेला माणूस लगेच सांगतो.

तेजश्री, आता स्ट्रीट व्ह्यूमध्ये मजले मोजा. दिसतोय तो फोटो कोणत्या महिन्यातला आहे हे स्क्रीनवर लिहिलेलं असतं, तेही बघा. इमारत त्यानंतर पुन्हा बांधली गेली असेल तर तुलना चुकेल, आणि कोथरूडमध्ये पुनर्विकास जोरात चालू आहे. स्ट्रीट व्ह्यूची गाडी गल्लीत गेलेली नसेल तर जवळच्या चौकातून इमारतीचा माथा दिसतो का बघा. मग आतले फोटो एकेक करून गूगल लेन्समध्ये टाका. काही मिळालं नाही तर फोटो आडवा उलटवा, म्हणजे डावी बाजू उजवीकडे करा, आणि पुन्हा शोधा. शोधात सापडू नये म्हणून फोटो असे आरशासारखे उलटवून टाकतात. फोटोत कुठे अक्षरं असतील तर ती आधी तपासा: घड्याळ, फ्रिजवरचं नाव, भिंतीवरचं कॅलेंडर.

तेजश्री_सोलापूर

सगळं केलं. स्ट्रीट व्ह्यूमधली इमारत खाली पार्किंग आणि वर सात मजल्यांची आहे. फोटो अलीकडचा आहे आणि भिंतींचा रंग बराच उडालेला, म्हणजे नवीन बांधकाम नाही. तिथे नववा मजलाच नाही. बाल्कन्यांना लोखंडी गज आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक खिडकीला बाहेर आलेली जाळी.

आतले फोटो लेन्समध्ये टाकल्यावर काहीच मिळालं नाही. मग हॉलचा फोटो मोठा करून बघितला. टीव्हीशेजारच्या कोनाड्यात गणपती आहे, उजव्या सोंडेचा. आईच म्हणाली, उजव्या सोंडेचा गणपती कडक, तो कोणी असा टीव्हीजवळ ठेवत नाही. मागे कॅलेंडर होतं, त्यावरचे आकडे उलटे निघाले! फोटो उलटवल्यावर आकडे सरळ झाले आणि सोंड डावीकडे आली. तो उलटवलेला फोटो शोधला तर खराडीतल्या एका विक्रीच्या जुन्या जाहिरातीत तोच हॉल, तोच सोफा, तेच कॅलेंडर. मैदान आणि ते टॉवरही तिथलेच.

आईने स्वतः बघितलं. आता तिचा आग्रह संपला.

चटईक्षेत्र

उत्तम काम केलंत. गणपती माझ्या लक्षात कधीच आला नसता. उजव्या सोंडेचे गणपतीही असतात, त्यामुळे नुसत्या सोंडेवरून काही ठरत नाही, पण कॅलेंडरने शंका ठेवली नाही.

ते आधार आणि आयकार्ड बहुधा आधीच्या कुणा फसलेल्या माणसाचं असणार. तुमचं आधार त्याला पाठवू नका, पुढच्या माणसाला तेच दाखवतील. सोसायटीत पाहुणा म्हणून जायला पैसे लागत नाहीत. वॉचमन नोंद करतो आणि फ्लॅटवाल्याला विचारतो. त्याने क्यूआर कोड पाठवला तर स्कॅन करू नका, पैसे "मिळण्यासाठी" यूपीआय पिन कधीच लागत नाही.

सुलभा_हिंगणे

इथे थोडं माझं सांगते, कारण सगळं जुळलं तरी माणूस फसतो. आम्ही आमचा फ्लॅट विकायला काढला होता. जाहिरातीत खरे फोटो, खरा पत्ता. पुढे विक्री रद्द केली. काही महिन्यांनी एक जोडपं सामान घेऊन गेटवर आलं. कोणीतरी आमचेच फोटो उचलून भाड्याची जाहिरात केली होती आणि त्यांच्याकडून टोकन घेतलं होतं. त्या मुलाने आधी येऊन बाहेरून इमारत बघितली होती. नाव, विंग, मजला, बाल्कनीतली माझी तुळस, सगळं जुळलं होतं. खोटा फक्त मालक होता. ती मुलगी आमच्या जिन्यात बसून रडत होती, आणि मी तिला चहा देण्यापलीकडे काही करू शकले नाही.

अमोघ_वारजे

अरे बापरे. मग स्ट्रीट व्ह्यूचा उपयोगच काय? मालक कसा तपासायचा?

चटईक्षेत्र

उपयोग आहे, खोटं लवकर पकडायला. खरं सिद्ध करायला तो पुरत नाही. घर खरं ठरलं की माणूस आणि घर जुळवायचं.

मी असं करतो. आधी व्हिडिओ कॉल. सोसायटीच्या नावाच्या पाटीपासून सुरू करून लिफ्ट, दारावरचा नंबर, आत शिरून बाल्कनी, आणि बाल्कनीतून खाली गेट, हे सगळं कॉल न तोडता. मालक बाहेरगावी असेल तर शेजाऱ्याला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला हे करायला सांगू शकतो. मग वीजबिल आणि मिळकतकराचं बिल मागायचं आणि नावं ताडायची. पीडीएफमध्ये नाव बदलणं सोपं असतं, म्हणून मिळकतकराचा खातेक्रमांक घेऊन महापालिकेच्या साइटवर आपण स्वतः बघायचं. अडचण अशी की बऱ्याच फ्लॅटचं बिल अजून बिल्डरच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं. तेव्हा खरेदीखताचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, मागायचा. नोंदणी विभागाच्या साइटवर वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून तो शोधताही येतो, पण वर्ष माहीत नसेल तर एकेक वर्ष चाळावं लागतं.

तेवढं जमत नसेल तर सेक्रेटरीला गाठा. अमुक फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे का आणि मालकाचं आडनाव हेच का, एवढं बहुतेक सेक्रेटरी सांगतात. फक्त सेक्रेटरीचा नंबर त्या मालकाकडून घेऊ नका, गेटवरून घ्या. भावाचा कोणी मित्र पुण्यात असेल तर त्याची एक चक्कर पुरेल.

अमोघ_वारजे

मी वारज्यातच आहे, पौड रोड जवळ पडतो. पुढचं घर आवडलं की सांग, तेजश्री. गेटवर जाऊन विचारून येईन.

तेजश्री_सोलापूर

अमोघदादा, खरंच मोठी मदत होईल.

त्या नंबरचं काय करू? पैसे गेलेले नाहीत, मग सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करायचा का?

सुलभा_हिंगणे

1930 पैसे गेल्यावर ताबडतोब करायचा, म्हणजे ते पुढे जाण्याआधी अडवता येतात. नुसता संशय असेल तर संचार साथी या सरकारी साइटवर चक्षू म्हणून सोय आहे, तिथे नंबर आणि स्क्रीनशॉट दे. साइटवरही जाहिरातीची तक्रार कर. आणि जमलं तर खराडीच्या त्या जुन्या जाहिरातीतल्या माणसाला कळव. आम्हाला कोणी कळवलं असतं तर ते जोडपं वाचलं असतं.

तेजश्री_सोलापूर

दोन्हीकडे तक्रार केली. खराडीच्या जाहिरातीत एजंटचा नंबर आहे, त्यालाही मेसेज टाकला.

आता कर्वेनगरचा एक फ्लॅट बघतोय. एजंट स्वतःहून म्हणाला की फोटो याच सोसायटीतल्या दुसऱ्या फ्लॅटचे आहेत, आमच्या फ्लॅटमध्ये रंगकाम चालू आहे. व्हिडिओ कॉलला तयार आहे, पण परवा. भाडं बाजारभावाचंच आहे. यावर विश्वास ठेवावा का?

अमोघ_वारजे

मी नाही ठेवणार. फोटो दुसऱ्या घराचे म्हणजे संपलं.

चटईक्षेत्र

मी परवापर्यंत थांबेन. एजंट असं सर्रास करतात, आणि याने न विचारता सांगितलंय. कॉलवर रंगाचे डबे आणि दारावरचा नंबर एकाच फेरीत दिसू दे. तोपर्यंत टोकन देऊ नका.