पिवळी वायर लावली तरी चित्र काळं-पांढरं

"जुन्या टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक जोडायला HDMI-टू-AV कन्व्हर्टर लावला, आवाज येतो पण चित्र काळं-पांढरं. कन्व्हर्टरच खराब निघाला का?"

बहुतेक नाही. बदलायला परत तालुक्याला जाण्याआधी कन्व्हर्टरच्या डब्बीच्या कडेचा बारका स्विच बघा, त्यावर PAL आणि NTSC लिहिलेलं असतं, या टीव्हीच्या रंगीत चित्राच्या दोन पद्धती. आपल्याकडचे जुने डब्बा टीव्ही PAL वर चालतात. स्विच NTSC वर असला की रंग जातात, कधी चित्र वरखाली सरकतं. दारव्ह्याजवळच्या आमच्या मामांच्या घरी हेच झालं होतं. स्विच सरकवला, डब्बीची वायर काढून परत लावली अन् रंग आले. तरीही नाही आले तर पिवळी पिन हिरव्या भोकात तर नाही ना, ते पाहा. हिरवं भोक कंपोनंटचं असतं, त्यातून फक्त उजेड-अंधार जातो, रंग निळ्या-लाल वायरींतून येतात. काही टीव्हीत तेच भोक दोन्ही कामांसाठी असतं, तिथं मेनूत एव्ही निवडावं लागतं.

रंग आले तरी स्टिकच्या मेनूतली बारीक अक्षरं फिसकटलेलीच दिसतील, कारण पिवळ्या वायरीतून जेमतेम 576 ओळींचं चित्र जातं. कितीही महाग कन्व्हर्टर घेतला तरी ते सुधारत नाही. चौकोनी पडद्यावर माणसं उभट दिसतील, टीव्हीच्या मेनूत 16:9 असेल तर ते निवडा. आणि स्टिकला तिच्यासोबत आलेला अडॅप्टरच लावा, डब्बीला वेगळा. दोन्ही एकाच जुन्या चार्जरवर चालवले की स्टिक मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते.